दोनाचा गुणक

मीटरच्या काचेआड एक लाल दिवा होता, मोहरीच्या दाण्याएवढा. तो लुकलुकायचा, मग सहा सेकंद काहीच नाही, आणि पुन्हा लुकलुकायचा. अंजलीने मनगटावरच्या घड्याळाशी ताडून वीस वेळा मोजलं. कधी सहा, कधी सहाला किंचित जास्त. भट्टी सुरू होती तोवर त्याची चाल बदलली नाही.

गुरुवारची साप्ताहिक सुट्टी असल्यामुळे भोसरीची सगळी एमआयडीसी बंद होती. समोरच्या शेडमधला पॉवर प्रेस गप्प होता, रस्त्यावर टेम्पो नव्हते. शेडमध्ये अंजली आणि चिमाजी काका दोघंच होते. दिवे, पंखे, लेथला गार ठेवणाऱ्या कूलंटचा पंप, पाण्याची मोटर असं एकेक करून सगळं काकांनी बंद केलं होतं. चालू होती फक्त कोपऱ्यातली पार्ट तापवायची विजेची भट्टी. तिच्या पत्र्यावर कोरलं होतं : सहा किलोवॅट.

"ताई, एक तास झाला," काका म्हणाले. "बंद करू का?"

"थांबा, आधी आकडा." ती मीटरपाशी वाकली. "सव्वीस हजार आठशे सत्तेचाळीस पूर्णांक एक. आता करा बंद."

सुरुवातीचा आकडा तिने वहीत लिहून ठेवला होता. वजाबाकी पाच पूर्णांक नऊ आली. सहा किलोवॅटची भट्टी गार असताना लावली, तासभर एकदाही आपोआप कटली नाही, म्हणजे सहा युनिटच्या आसपास जायला हवे. तेवढे गेले होते. मीटर अगदी बरोबर होतं.

बिल मात्र म्हणत होतं की या आकड्याला दोनाने गुणायचं.

अंजली उलट्या ठेवलेल्या डब्यावर बसली. अकरावी-बारावीच्या मुलांना ती सत्तावीस वर्षं प्रयोगातल्या चुका शिकवत आली होती. हात थरथरल्यामुळे होणारी चूक वेगळी आणि उपकरणातच मुरलेली चूक वेगळी. दुसरी चूक कितीही वेळा मोजलं तरी सापडत नाही, कारण ती प्रत्येक वेळी तशीच येते. निगडीच्या कॉलेजात फळ्यावर हे लिहून देताना आपल्याच घरच्या शेडमध्ये तसलीच चूक चौदा महिने मुरून असेल, असं तिला वाटलं नव्हतं.

"काय निघालं?" काकांनी विचारलं.

"आपण चौदा महिने दुप्पट बिल भरतोय, काका."

लेथवरचा दसऱ्याचा झेंडू वाळला होता. त्यातलं एक फूल काकांनी उगाच काढलं आणि खिशात घातलं.

*

दोनाची गोष्ट जुनी होती. अंजलीचे वडील भीमराज ओव्हाळ पिंपरीतल्या एका मोठ्या कारखान्यात टर्नर होते. कारखान्याने स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली, तेव्हा मिळालेल्या पैशांतून त्यांनी ही शेड घेतली आणि लिलावातून एक जुनी लेथ आणली. पहिल्या दिवशी लेथ उतरवायला राजगुरुनगरच्या अलीकडच्या एका खेड्यातून आलेला चिमाजी होता. उतरवून झाल्यावर तो गेलाच नाही.

भिंतीवर भगवान बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो. खालच्या लेथला दर खंडेनवमीला चिमाजीने बांधलेला झेंडू. भीमराज म्हणायचे, "फोटो माझे, मशीन तुझं. दोघांनी भांडायचं न्हाई." चौदा एप्रिलला शेडमध्ये पेढे वाटले जायचे, आणि सगळ्यांत जास्त पेढे चिमाजी खायचा.

काम वाढलं तसा विजेचा जोड वाढवून घेतला. मग वीज कंपनीने भिंतीवर मोठी पेटी बसवली. अंजली तेव्हा बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होती. दुपारी डबा घेऊन आली, तेव्हा वडिलांनी तिला पेटीसमोर उभं केलं होतं.

"एवढा मोठा करंट मीटरमधून सोडला तर मीटर जळून जाईल," ते म्हणाले. "म्हणून आधी ह्या कड्या. सीटी म्हणत्यात. करंट बारीक करून मीटरला देतात. आता मीटर पन्नासच्या मापाचं आणि कड्या शंभरच्या. मीटरला निम्मंच दिसतं. मग खरी वीज किती?"

"दुप्पट," अंजली म्हणाली होती.

"चिमाजी, ऐकलं का? दोननं गुणायचं. इसरायचं न्हाई."

चिमाजी विसरला नाही. रोज सकाळी आठला, मशीन चालू व्हायच्या आधी, तो मीटर वाचायचा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात आकडा लिहायचा. खाली लाल पेन्सिलीने कालचे युनिट, वजाबाकी करून आणि दोनाने गुणून, आणि महिन्याच्या शेवटी त्यांची बेरीज. महिनाअखेर बिल आलं की भीमराज चष्मा चढवून दोन्ही जुळवायचे. जुळलं की चहा. दर वेळी जुळायचंच. वर्ष संपलं की कॅलेंडर गुंडाळून माळ्यावर जायचं. आत्ताही माळ्यावर त्यांच्या सुरळ्या होत्या, रबर लावून, वर साल लिहून. जुन्या वर्षांचं अक्षर कोवळं, अलीकडच्यांचं सरावलेलं. एका मार्चच्या चौकोनात आकड्यांऐवजी नुसतं लिहिलं होतं : साहेब दवाखान्यात. त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा आकडा.

भीमराज गेले त्याला चार वर्षं झाली. मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये जुन्या मीटरचा पडदा अचानक कोरा झाला. वीज कंपनीच्या माणसांनी येऊन नवीन मीटर लावलं, आणि ते मीटर शंभरच्या मापाचं होतं. म्हणजे कड्याही शंभरच्या, मीटरही शंभरचं. आता मीटरला सगळं दिसत होतं. गुणायचं काही कारणच उरलं नव्हतं. पण ऑफिसच्या संगणकात या ग्राहकासमोर दोन होता, तो दोनच राहिला.

आणि इथे, कॅलेंडरवरही.

"नवं मीटर लई पळतंय, असं म्या तुमाला तवाच बोल्लो हुतो," काका म्हणाले. "दिवाळीच्या आधी. आठवतंय का?"

तिला आठवत होतं. ती म्हणाली होती, काका, इलेक्ट्रॉनिक मीटर आहे, ते अचूक असतं. आणि ते खरोखरच अचूक होतं.

*

वीज कंपनीच्या उपविभाग कार्यालयात पंखा होता आणि तो फिरतही होता, पण वारा फक्त फायलींना लागत होता. बिलिंगच्या खिडकीवरच्या कारकुनाने अंजलीचा अर्ज वाचला, सोबतची चौदा बिलं पाहिली आणि मग मोबाइलवरचे कॅलेंडरचे फोटो.

"हे कोणी लिहिलं?"

"म्या," काकांनी छाती किंचित पुढे काढली.

कारकुनाने एक बिल काढून फोटोशेजारी धरलं. "सप्टेंबर. तुमच्या कॅलेंडरवर तीन हजार सातशे ऐंशी. आमच्या बिलावर तीन हजार सातशे ऐंशी. मग तक्रार कशाची, बाबा? तुमचं आमचं एकच."

मागच्या रांगेतला एक माणूस हसला. "भाऊ, ऑफिसात नोकरी द्या बाबांना. चूक न करता लिहितात."

काकांची छाती पुन्हा जागेवर गेली. अंजलीला वाटलं, कॅलेंडर दाखवायलाच नको होतं. पण तिने मोबाइल परत घेतला नाही.

"खालचा लाल आकडा बघू नका," ती म्हणाली. "वरचा बघा. वरचा मीटरचा आहे, खालचा आमच्या सवयीचा. मीटर बदलायच्या आधी महिन्याला साडेनऊशेची वाढ, बदलल्यावर एकोणीसशेची. मशीनं तीच, माणसं तीच. मीटरची वाढ दुप्पट झाली, कारण त्याला आता पूर्ण दिसतंय. आणि तुम्ही अजून दोनाने गुणताय."

कारकुनाने वरचे आकडे पुन्हा एकदा पाहिले. मग अर्ज घेऊन आत गेला.

आत वर्षाली नावाच्या सहायक अभियंता होत्या, तिशीच्या, गळ्यात ओळखपत्र आणि टेबलावर अर्धा प्यालेला चहा. त्यांनी मीटर बदलल्याचा अहवाल मागवला. त्यावर मीटरचा क्रमांक होता, सीलचे क्रमांक होते, सुरुवातीचा आकडा होता. गुणकाची रेघ कोरी होती.

"कोरं सोडलं की संगणक जुनाच धरतो," त्या म्हणाल्या. "पण मॅडम, मी नुसत्या हिशोबावर बिल दुरुस्त करू शकत नाही. जागेवर तपासणी करावी लागेल. टेस्टिंगवाले येतील, तुमच्यासमोर सील काढतील, कड्यांवरची पाटी वाचतील."

"या," अंजली म्हणाली. "आणि आणखी एक. मेमध्ये तुम्ही जादा सुरक्षा ठेव मागितली होती, साडेबावीस हजार. सरासरी बिल वाढलं म्हणून. ती सरासरीच चुकीची होती."

"भरली होती?"

"भरली होती."

वर्षालींनी चहा उचलला आणि न पिताच ठेवला. "म्हणजे आम्ही आधी जास्त बिल लावलं आणि मग त्या बिलावरून जास्त ठेव मागितली," त्या म्हणाल्या. "ठीक आहे. बिल दुरुस्त झालं की ठेव नव्याने काढू."

*

टेस्टिंगची माणसं पुढच्या मंगळवारी आली. सील कापताना त्यांनी दोघांच्या सह्या घेतल्या. बॅटरी मारून कड्यांवरची पाटी वाचली : शंभरास पाच, म्हणजे शंभरचा करंट पाचाचा करून देणाऱ्या. मीटरवरची पाटी : शंभरास पाच. चिमट्यासारखं उपकरण तारांना लावून त्यांनी लेथ चालू करायला सांगितली, आणि त्यांच्या उपकरणावरची वीज आणि मीटरवरची वीज शेजारीशेजारी धावत जुळली. अहवालात लिहिलं : मीटर योग्य; गुणक एक. नवीन सील लागलं.

हे सगळं बघायला शेजारच्या शेडचे गणराजशेठ आले होते. त्यांचं प्लास्टिकच्या क्रेटचं काम होतं आणि गोदामाला जागा हवी होती. गेली दोन वर्षं ते ही शेड मागत होते.

"काय मॅडम, निघाला का चोर?"

"चोर नव्हता, शेठ. गुणाकार होता."

"बरं झालं. पण आता पैसे परत येणार म्हणून मला भाव वाढवून सांगू नका हं." ते हसले, पण मुद्दा सोडला नाही. "तुम्हीच म्हणाला होता, शेड परवडत नाही, बघते. वर्ष झालं त्याला. माझा दुसरा सौदा थांबलाय. या महिन्यात हो किंवा नाही सांगा, राव."

ते गेल्यावर अंजलीने टेबलावर वही उघडली. चौदा महिन्यांचा फरक दोन लाख अडतीस हजारांच्या आसपास येत होता. तो उणे केला की गेल्या वर्षाचा तोटा पुसला जात होता आणि खाली थोडासा नफा उरत होता. मोठा नाही. तीन माणसांचे पगार, भाडेपट्ट्याचे पैसे, लेथचं तेलपाणी, आणि वर थोडंसं.

परवडत नाही, हे तिने चार वर्षांत किती जणांना सांगितलं होतं. कॉलेजातल्या मैत्रिणींना, गणराजशेठना, रात्री स्वतःला. पहिली तीन वर्षं ते पूर्ण खरं नव्हतं, मग चौथ्या वर्षी बिलाने खरं केलं. ते किती सोयीचं होतं. जे परवडत नाही ते ठेवावं लागत नाही, आणि विकल्याचं पापही लागत नाही. आता ते वाक्य गेलं होतं.

काका तिच्या समोर येऊन बसले. बराच वेळ ते हाताचं तेल चिंधीला पुसत राहिले. पुसायला तेल उरलं नव्हतं.

"म्या रोज सकाळी दोननं गुणलं," ते म्हणाले. "साहेबानं सांगितलेलं. नवं मीटर आल्यावर इचारायला पायजे हुतं. म्या न्हाई इचारलं. हिशोब जुळायचा, मंग चहा प्यायचो. एकटाच."

"काका, मीही विचारलं नाही. आणि मी तर शिकवते हे."

"तुमी शिकवता, म्या तर रोज बघतो. चौदा महिनं बघितलं." त्यांनी चिंधी घडी घालून मांडीवर ठेवली. "माझ्यापायी शेड ठिवू नका, ताई. म्या आता गावाला बी जाऊ शकतो. पोरगं बोलावतंच. गणराजशेठ चांगला माणूस हाय, भाव बी देतोय. तुमच्या डोस्क्याला ताप नको."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. ती सात-आठ वर्षांची असताना, वडील कारखान्यात होते तेव्हा, संध्याकाळी कंपनीची बस चौकात थांबायची आणि माणसं एकसारखे डबे घेऊन उतरायची. त्या गर्दीतून वडिलांना ओळखायचं तिचं साधन एकच होतं, वास. लोखंडाच्या कातरणीचा आणि कूलंटचा. मग ते घरी अंघोळ करायचे आणि तो वास जायचा. शेड झाल्यावर तो पुन्हा मिळाला, आणि वडील गेले तरी इथे राहिला. ती दर शनिवारी कागद बघायला म्हणून येत असे. कागद तासाभरात संपत. ती संध्याकाळपर्यंत थांबत असे.

गेल्या गुरुवारी, सगळं बंद करून एक भट्टी चालवताना, घड्याळाशी तो लाल दिवा ताडताना, तिला कित्येक वर्षांत पहिल्यांदा वेळ कसा गेला ते कळलं नव्हतं.

"काका, गावाला गेलात तर तिथं मीटर कुणाचं वाचाल?"

"पोराच्या घरातलं," काका म्हणाले. "पण तिथं काय गुणायचं हाय, डोंबल."

दोघंही हसले. काकांना हसताना खोकला आला.

*

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात उपविभागातून फोन आला. या वेळी वर्षालींनी दोघांनाही समोर बसवलं. टेबलावर दुरुस्त बिलाचा मसुदा होता. चौदा महिने, प्रत्येक ओळीत गुणक एक. रक्कम मोठी असल्यामुळे मंजुरीला विभागीय कार्यालयात पाठवायची होती. खाली ठेवीचा हिशोब : दुरुस्त सरासरी, तिच्या दोन महिन्यांएवढी ठेव, जमा असलेली ठेव, आणि जादा आढळलेली रक्कम.

अंजलीने एकेक ओळ बोट लावून तपासली. काका बोटाबरोबर मान हलवत होते. त्यांना आता एकाने गुणायचं होतं, आणि तेही ते मनात गुणत होते, असं त्यांच्या ओठांवरून दिसत होतं.

"बरोबर आहे," अंजली म्हणाली.

"एकच अडचण," वर्षाली म्हणाल्या. "जोड अजून भीमराज ओव्हाळ यांच्या नावावर आहे. तुमचा अर्ज वारस म्हणून घेतला, तपासणी केली, ते ठीक. पण परतावा मयत माणसाच्या नावाने पुढे पाठवला तर विभागातून फाइल परत येईल. चार वर्षांत नाव का बदललं नाही?"

बिल दर महिन्याला यायचं. वर लिहिलेलं असायचं : श्री. भीमराज संभाजी ओव्हाळ. पोस्टातून, बँकेतून, महापालिकेतून त्यांचं नाव एकेक करून गेलं होतं. तिने स्वतःच ते अर्ज भरले होते, व्यवस्थित, मृत्यूचा दाखला जोडून. एमआयडीसीच्या कागदावर वारस म्हणून तिचं नाव लागलं होतं. हे एक बिल राहिलं होतं. हा अर्ज तिने दोनदा आणला होता आणि दोन्ही वेळा ड्रॉवरमध्ये ठेवला होता.

"राहिलं," ती म्हणाली.

"होतं असं." वर्षालींनी दोन कोरे अर्ज काढून तिच्यासमोर शेजारीशेजारी ठेवले. आवाज कोरडा होता, पण घाईचा नव्हता. "बाहेर तुमच्या शेजारचे गणराजशेठ भेटले होते. ते म्हणत होते, शेड विकायची आहे. तसं असेल तर हा अर्ज, वीज कायमची बंद करायची. मग शेवटचं बिल वजा करून सगळी ठेव आणि फरक तुमच्या बँक खात्यात देऊ. विकायची नसेल तर हा दुसरा, वारसाच्या नावे जोड करायचा. मग फरक आणि जादा ठेव पुढच्या बिलांतून वळती होईल, हातात पैसे येणार नाहीत. पैसे तुमचेच, मॅडम, पण वाट वेगळी. मला एकच फाइल पाठवता येईल. काय करायचं ते सांगा."

काका खिडकीकडे बघू लागले. आपण तिथे नाही असं दाखवायचा तो त्यांचा जुना प्रकार होता. भीमराज गिऱ्हाइकाशी भावाचं बोलायचे, तेव्हाही ते असेच खिडकीकडे बघत बसायचे, आणि गिऱ्हाईक गेलं की सगळं शब्दन् शब्द सांगायचे.

दोन्ही अर्जांत पहिली ओळ एकच होती. सध्याच्या ग्राहकाचं नाव. तिने पेन घेतलं. वडिलांचं नाव शेवटचं लिहायचं होतं, कुठल्याही अर्जावर. भट्टीच्या प्रयोगातला पाच पूर्णांक नऊ तिला आठवला. तिने तो वहीत लिहिला होता आणि खाली, मुलांना सांगते तसं, तारीख आणि सही केली होती. त्या आकड्यापुरती तरी काही शंका उरली नव्हती.

"मॅडम?" वर्षाली म्हणाल्या.

अंजलीने वीज बंद करायचा अर्ज टेबलावरून उचलला आणि त्यांच्याकडे परत सरकवला.

"चालू ठेवायचंय," ती म्हणाली. "माझं नाव लावा. मी कॉलेज सोडणार आहे. शेड मी चालवणार."